कॉस्टिंगचे व्हेरियन्स: भाजणीच्या एका महिन्यावरून उजळणी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

सगळी सूत्रं एकाच उदाहरणावर का?

कारण सुटी सूत्रं पाठ होतात आणि पेपरात एकमेकांत मिसळतात. एकाच कारखान्याचा एकच महिना घेतला, तर एका व्हेरियन्सचं कारण दुसऱ्यात कसं डोकावतं ते दिसतं. परीक्षेत शेवटचे चार गुण बहुतेक वेळा त्यावरच असतात.

उदाहरण काल्पनिक आहे. चकलीची भाजणी करून किलोच्या पाकिटांत विकणारा एक लहान उद्योग घेऊ. धान्य निवडायचं, धुऊन वाळवायचं, भाजायचं, दळायचं आणि भरायचं, एवढंच काम. १०० किलो धान्यातून ९० किलो भाजणी मिळावी असं धरलं आहे. उरलेले १० किलो म्हणजे घट: निवडताना निघणारा कचरा, भाजताना उडणारा ओलावा आणि चक्कीत राहणारं पीठ.

एक किलो भाजणीचं स्टँडर्ड कार्ड असं:

| बाब | हिशेब | रुपये |
|---|---|---|
| धान्य | १०० किलोत तांदूळ ६० किलो × ५० रु., डाळी ४० किलो × १०५ रु.; एकूण ७,२०० ÷ ९० | ८० |
| मजुरी | ९० किलोला १२ तास × ६० रु. | ८ |
| बदलते ओव्हरहेड | तासाला ४५ रु. | ६ |
| स्थिर ओव्हरहेड | महिन्याला ३६,००० रु. ÷ २,२५० किलो | १६ |
| एकूण खर्च | | ११० |
| विक्री किंमत | | १४० |
| नफा | | ३० |

बजेट होतं २,२५० किलोचं, म्हणजे ३०० मजूर-तासांचं. प्रत्यक्षात भाजणी झाली १,८०० किलो आणि ती सगळी विकली गेली. डाळी उशिरा आल्या, त्यामुळे काही दिवस काम लावलंच नाही.

अनुकूल आणि प्रतिकूल नेमकं कशावरून ठरतं?

नफ्यावर काय परिणाम झाला, एवढ्यावरूनच. फरकामुळे नफा वाढला तर अनुकूल, घटला तर प्रतिकूल. खर्चाच्या बाबतीत स्टँडर्डमधून प्रत्यक्ष वजा करा. उत्तर अधिक आलं तर अनुकूल, उणे आलं तर प्रतिकूल. विक्रीत उलट, प्रत्यक्षातून स्टँडर्ड वजा करायचं. पेपरात उत्तरापुढे एफ किंवा ए लिहायला विसरू नका. आकडा बरोबर आणि अक्षर नाही, अशा उत्तराला पूर्ण गुण मिळत नाहीत.

‘अनुकूल’ म्हणजे ‘चांगलं’ असं मात्र समजू नका. कामगार सुट्टीवर गेला आणि यंत्राला तेल घालायचं राहिलं, तरी त्या महिन्यात देखभालीचा खर्च अनुकूलच दिसतो.

स्टँडर्ड वजन बजेटवरून काढायचं की प्रत्यक्ष उत्पादनावरून?

प्रत्यक्ष उत्पादनावरून. माझ्या वर्गात दरवर्षी निम्मी मुलं इथे घसरतात. बजेट २,२५० किलोचं आहे म्हणून त्यासाठी लागणारं २,५०० किलो धान्य धरतात आणि प्रत्यक्षात वापरलेल्या २,०६० किलोंशी ताडून पाहतात. मग ४४० किलो धान्य ‘वाचलं’ असं उत्तर येतं. धान्य वाचलेलं नसतं, भाजणीच कमी केलेली असते.

विचारायचं असं: जी १,८०० किलो भाजणी झाली, तिला किती धान्य लागायला हवं होतं? १,८०० ÷ ०.९ = २,००० किलो, म्हणजे तांदूळ १,२०० आणि डाळी ८००. यापुढे ‘स्टँडर्ड वजन’ म्हटलं की हेच. तासांनाही हाच नियम: १,८०० किलोला लागायला हवे होते २४० तास.

मटेरियल प्राइस व्हेरियन्स कसा काढायचा?

सूत्र: (स्टँडर्ड दर − प्रत्यक्ष दर) × प्रत्यक्ष वजन

या महिन्यात तांदूळ लागला १,३०० किलो, ४८ रुपयांनी. डाळी लागल्या ७६० किलो, ११५ रुपयांनी.

तांदूळ: (५० − ४८) × १,३०० = २,६०० अनुकूल
डाळी: (१०५ − ११५) × ७६० = ७,६०० प्रतिकूल
एकूण: ५,००० प्रतिकूल

नेहमीची कारणं म्हणजे बाजारभाव हलणं, घाऊक सवलत मिळणं किंवा हुकणं, घाईत जवळच्या दुकानातून घेतलेला माल आणि वेगळ्या प्रतीचा माल. याखेरीज पुस्तकांत क्वचित येणारं एक कारण आहे. स्टँडर्ड दर ठरवताना भाडं, हमाली, तोलाई धरून ‘पोहोच भाव’ घेतलेला असतो आणि प्रत्यक्ष दर मात्र बिलावरचा नुसता भाव असतो. असं झालं की प्राइस व्हेरियन्स दर महिन्याला अनुकूल येतो आणि तेवढीच रक्कम ओव्हरहेडमध्ये प्रतिकूल होऊन बसते. खरेदीवाल्याचं कौतुक होतं, कारखान्यातला माणूस बोलणी खातो. दोन्ही दर एकाच ठिकाणापर्यंतचे आहेत ना, हे आधी बघा.

यात प्रत्यक्ष वजनच का? स्टँडर्ड वजन घेतलं तर?

तांदूळ १०० किलो जास्त लागला आणि दरही २ रुपयांनी वेगळा होता. त्या जादा १०० किलोंवरचे २०० रुपये कोणाच्या खात्यावर टाकायचे, एवढाच हा प्रश्न आहे. दर ठरवणारा खरेदीवाला जेवढा माल आला त्या सगळ्याचा भाव ठरवतो, म्हणून पूर्ण १,३०० किलोंवरचा फरक त्याच्याकडे जातो. वापर करणारा जास्त-कमी वापराला जबाबदार असतो, भावाला नसतो, म्हणून त्याचा हिशेब स्टँडर्ड दराने करतात. दोन्हीकडे स्टँडर्ड घेतलं तर ते २०० रुपये कुठेच बसत नाहीत आणि बेरीज जुळत नाही.

माल घेतला जास्त आणि वापरला कमी, तर प्राइस व्हेरियन्स कोणत्या वजनावर?

साठा स्टँडर्ड दराने ठेवत असाल तर खरेदी केलेल्या वजनावर, प्रत्यक्ष दराने ठेवत असाल तर वापरलेल्या वजनावर. पहिली पद्धत मला बरी वाटते, कारण भावातला फरक माल गोदामात आला त्याच दिवशी कळतो. दुसऱ्या पद्धतीत तो पोतं उघडेपर्यंत झाकलेला राहतो. पेपरात खरेदी आणि वापर असे दोन वेगळे आकडे दिलेले दिसले, की कोणतं वजन घेतलं ते एका ओळीत लिहून पुढे जा. आपल्या उदाहरणात जेवढं घेतलं तेवढंच वापरलं.

मटेरियल यूसेज व्हेरियन्स काय सांगतो?

सूत्र: (स्टँडर्ड वजन − प्रत्यक्ष वजन) × स्टँडर्ड दर

तांदूळ: (१,२०० − १,३००) × ५० = ५,००० प्रतिकूल
डाळी: (८०० − ७६०) × १०५ = ४,२०० अनुकूल
एकूण: ८०० प्रतिकूल

प्राइसचे ५,००० आणि यूसेजचे ८०० मिळून ५,८०० प्रतिकूल. पडताळा असा: १,८०० किलोची स्टँडर्ड किंमत १,४४,००० आणि प्रत्यक्ष खर्च ६२,४०० + ८७,४०० = १,४९,८००. फरक ५,८००.

इथेच थांबलात तर अहवालात लिहाल की भाव वाढल्यामुळे तोटा झाला, वापर जवळपास ठीक आहे. दीड लाखाच्या धान्यात ८०० रुपये म्हणजे काहीच नाही. हे वाचन चुकीचं आहे, आणि पुढच्या दोन सूत्रांशिवाय ते चुकीचं आहे हे कळत नाही.

मिक्स आणि यील्ड व्हेरियन्स कधी काढायचे आणि कसे?

दोन किंवा जास्त कच्चे माल ठरावीक प्रमाणात मिसळायचे असतील आणि एकाची जागा थोडीफार दुसरा घेऊ शकत असेल, तेव्हा. भाजणी, रंग, खत, मसाला, चहा यांत चालतं. खुर्चीला लाकूड कमी पडलं म्हणून खिळे जास्त मारता येत नाहीत, तिथे मिक्स काढायला अर्थ नाही.

मिक्स: (प्रत्यक्ष एकूण वजन स्टँडर्ड प्रमाणात − प्रत्यक्ष वजन) × स्टँडर्ड दर

एकूण धान्य २,०६० किलो. ६०:४० प्रमाणात ते तांदूळ १,२३६ आणि डाळी ८२४ असायला हवं होतं.

तांदूळ: (१,२३६ − १,३००) × ५० = ३,२०० प्रतिकूल
डाळी: (८२४ − ७६०) × १०५ = ६,७२० अनुकूल
मिक्स: ३,५२० अनुकूल

यील्ड: (प्रत्यक्ष उत्पादन − प्रत्यक्ष धान्यातून अपेक्षित उत्पादन) × एका किलोची स्टँडर्ड धान्य-किंमत

२,०६० किलोंतून मिळायला हवी होती १,८५४ किलो, मिळाली १,८००.
५४ × ८० = ४,३२० प्रतिकूल

३,५२० अनुकूल आणि ४,३२० प्रतिकूल मिळून तेच ८०० प्रतिकूल. जो आकडा किरकोळ वाटत होता, त्याच्या आत दोन मोठे आकडे एकमेकांना खाऊन बसले होते.

मग मिक्स अनुकूल आला म्हणजे मिसळणाऱ्याने चांगलं काम केलं?

आता पोतं उघडून बघू. डाळी महागल्या म्हणून डाळींचं प्रमाण ४० टक्क्यांवरून ३७ च्या खाली आणलं गेलं, आणि जागा भरली तांदळाने. हा तांदूळ ५० ऐवजी ४८ रुपयांचा. स्वस्त का? कारण त्यात कणी, कोंडा आणि खडे जास्त होते, वर थोडा दमटही होता. सूप घेऊन पाखडताना जे बाजूला पडलं आणि भाजताना जो ओलावा उडाला, त्यात या ५४ किलोंतला मोठा भाग गेला.

तेव्हा एकाच निर्णयाच्या खुणा तीन ठिकाणी आहेत: तांदळाचा प्राइस २,६०० अनुकूल, मिक्स ३,५२० अनुकूल, यील्ड ४,३२० प्रतिकूल. चौथी खूण पुढे मजुरीत भेटेल. नुसते हे तीन आकडे धरले तर तांदूळ-बदलातून १,८०० रुपये सुटले असं दिसतं.

पण मिक्स व्हेरियन्सला चव कळत नाही. तो असं धरून चालतो की ३७ टक्के डाळींची भाजणी आणि ४० टक्के डाळींची भाजणी एकच माल आहे. चकली करणारी बाई तसं धरत नाही. प्रमाण बिघडलं की सोऱ्यातून चकली तुटते किंवा तळल्यावर कडक होते, आणि पुढच्या वेळी ती दुसरं पाकीट उचलते. तो तोटा पुढच्या महिन्याच्या विक्रीत येईल आणि तिथे त्याच्यावर ‘मिक्स’ असं लिहिलेलं नसेल. म्हणून अनुकूल मिक्सचा अर्थ लावताना यील्ड, परत आलेला माल आणि तक्रारी हे शेजारी ठेवल्याशिवाय मत देऊ नका.

मजुरीचे व्हेरियन्स कोणते?

तीन. या महिन्यात पगार दिला २७० तासांचा, रक्कम १७,०१०, म्हणजे तासाला ६३ रुपये. त्यांतले १८ तास वीज गेल्यामुळे सगळे बसून होते. प्रत्यक्ष काम झालं २५२ तास.

रेट: (स्टँडर्ड दर − प्रत्यक्ष दर) × पगार दिलेले तास
(६० − ६३) × २७० = ८१० प्रतिकूल

आयडल टाइम: वाया गेलेले तास × स्टँडर्ड दर
१८ × ६० = १,०८० प्रतिकूल

एफिशियन्सी: (स्टँडर्ड तास − काम केलेले तास) × स्टँडर्ड दर
(२४० − २५२) × ६० = ७२० प्रतिकूल

एकूण २,६१० प्रतिकूल. पडताळा: १४,४०० − १७,०१०.

रेट बिघडतो तो ओव्हरटाइममुळे, मजुरी वाढल्यामुळे किंवा साध्या कामाला अनुभवी माणूस लावल्यामुळे. नवी माणसं घेतली की रेट अनुकूल येतो आणि एफिशियन्सी प्रतिकूल. ही जोडी इतकी ठरलेली आहे की एक दिसली की दुसरी शोधायचीच.

इथे मात्र १२ तास जादा लागले ते माणसांमुळे नाही. तोच कणीचा तांदूळ निवडायला वेळ लागला. तांदूळ-बदलाची चौथी खूण ती हीच: ७२० रुपये. वरच्या १,८०० मधून हे वजा केले की उरतात १,०८०. एवढ्यासाठी भाजणीची चव पणाला लावली. एफिशियन्सी प्रतिकूल दिसली म्हणून निवडणाऱ्या बायकांना बोल लावणं हे व्हेरियन्स वाचता न येण्याचं सर्वांत नेहमीचं लक्षण आहे.

आयडल टाइम वेगळा का काढायचा?

तो एफिशियन्सीत मिसळला तर वीज जाण्याचा दोष काम करणाऱ्यांवर जातो. म्हणून स्वतंत्र. तो नेहमी प्रतिकूलच असतो. अपवाद एकच: स्टँडर्डमध्येच काही टक्के बसून राहणं धरलेलं असेल आणि प्रत्यक्षात त्याहून कमी झालं, तर अनुकूल येऊ शकतो. चहाची सुट्टी, चक्कीच्या दगडाला टाकी लावण्याचा वेळ असली नेहमीची थांबणी स्टँडर्डमध्ये आधीच घेतलेली असतात, ती पुन्हा मोजू नका.

बदलत्या ओव्हरहेडचं काय?

मजुरीसारखंच आहे, पटकन उरकू. गॅस आणि चक्कीची वीज मिळून प्रत्यक्ष खर्च ११,५००.

खर्च: (काम केलेले तास × स्टँडर्ड दर) − प्रत्यक्ष खर्च
२५२ × ४५ − ११,५०० = १६० प्रतिकूल

एफिशियन्सी: (२४० − २५२) × ४५ = ५४० प्रतिकूल

दुसऱ्या आकड्याचं वेगळं कारण शोधत बसू नका. मजुरीत जे १२ तास जादा लागले, तेच इथे दुसऱ्या दराने मोजले गेले आहेत.

स्थिर ओव्हरहेड सर्वांत अवघड का वाटतं?

कारण इथला मोठा आकडा खर्च झालेल्या पैशांचा नसतो. भाडं, सुपरवायझरचा पगार, विमा मिळून ३६,००० धरले होते, प्रत्यक्षात ३७,००० झाले. ही १,००० ची गोष्ट सरळ आहे:

खर्च: बजेट − प्रत्यक्ष = ३६,००० − ३७,००० = १,००० प्रतिकूल

आता दुसरा भाग. प्रत्येक किलोवर १६ रुपये लादताना आपण २,२५० किलो होतील असं मानलं होतं. झाले १,८००. म्हणजे उत्पादनाने उचलले फक्त २८,८००.

व्हॉल्यूम: (प्रत्यक्ष उत्पादन − बजेट उत्पादन) × किलोचा स्टँडर्ड दर
(१,८०० − २,२५०) × १६ = ७,२०० प्रतिकूल

हे ७,२०० कोणी खर्च केलेले नाहीत. भाडं तेवढंच आहे, ते कमी किलोंवर वाटलं गेलं एवढंच. व्हॉल्यूम प्रतिकूल म्हणजे ‘पैसे जास्त गेले’ असं लिहिलंत तर तपासणारा तिथेच लाल रेघ मारतो. तो सांगतो की जागा आणि यंत्रं घेऊन ठेवली, पण पुरती वापरली नाहीत.

ते का झालं, हे दोन तुकड्यांत पाहता येतं. ३६,००० ÷ ३०० म्हणजे तासाला १२० रुपये:

कपॅसिटी: (काम केलेले तास − बजेट तास) × दर
(२५२ − ३००) × १२० = ५,७६० प्रतिकूल

एफिशियन्सी: (स्टँडर्ड तास − काम केलेले तास) × दर
(२४० − २५२) × १२० = १,४४० प्रतिकूल

कपॅसिटीच्या ४८ तासांपैकी १८ विजेमुळे गेले आणि ३० डाळी उशिरा आल्याने कामच न लावल्यामुळे. एफिशियन्सीत पुन्हा तेच १२ तास आहेत, तिसऱ्यांदा.

उलट परिस्थितीचाही विचार करा. विक्री होत नसताना कारखाना भरपूर माल काढत राहिला, तर व्हॉल्यूम अनुकूल येतो. कागदावर शाबासकी मिळते आणि गोदामात पाकिटं जुनी होत राहतात.

विक्रीचे व्हेरियन्स?

भाव १४० वरून १४६ केला होता.

प्राइस: (१४६ − १४०) × १,८०० = १०,८०० अनुकूल
व्हॉल्यूम: (१,८०० − २,२५०) × स्टँडर्ड नफा ३० = १३,५०० प्रतिकूल

भाव वाढला म्हणून विक्री घटली, असं लिहायचा मोह होतो. इथे तसं म्हणता येत नाही, कारण भाजणीच तेवढी झाली नव्हती. सगळा माल ६ रुपये जास्तीने उठला, म्हणजे मागणी होती. कमी विक्रीचं मूळ डाळींच्या पुरवठ्यात आहे, विक्री विभागात नाही.

हे सगळं एका ठिकाणी कसं मांडायचं?

| | रुपये |
|---|---|
| बजेट नफा (२,२५० × ३०) | ६७,५०० |
| विक्री व्हॉल्यूम | −१३,५०० |
| विक्री प्राइस | +१०,८०० |
| मटेरियल | −५,८०० |
| मजुरी | −२,६१० |
| बदलते ओव्हरहेड | −७०० |
| स्थिर ओव्हरहेड (खर्च १,०००, व्हॉल्यूम ७,२००) | −८,२०० |
| प्रत्यक्ष नफा | ४७,४९० |

पडताळा: विक्री २,६२,८०० वजा खर्च २,१५,३१० = ४७,४९०.

मार्जिनल कॉस्टिंगने विचारलं तर दोन ओळी बदलतात. स्थिर ओव्हरहेडचा व्हॉल्यूम व्हेरियन्स नाहीसा होतो आणि विक्रीचा व्हॉल्यूम नफ्याऐवजी कॉन्ट्रिब्यूशनवर काढतात: ३० + १६ = ४६ रुपये, ४५० × ४६ = २०,७०० प्रतिकूल. आता १३,५०० + ७,२०० करून बघा. तेच २०,७००. ४५० किलो कमी झाल्याचा फटका दोन्ही पद्धतींत सारखाच आहे, एकीत तो दोन खिशांतून जातो, दुसरीत एका. तयार मालाचा साठा शिल्लक राहिला असता तर मात्र दोन्हींचा नफा वेगळा आला असता.

डाळींचे ७,६०० प्रतिकूल ही खरेदीवाल्याचीच चूक ना?

तेवढ्यावरून नाही सांगता येत. १०५ चा दर वर्षाच्या सुरुवातीला ठरवलेला. समजा त्या महिन्यात बाजारात सगळीकडेच डाळी ११२ ला होत्या. मग फरक फोडा:

प्लॅनिंग: (१०५ − ११२) × ७६० = ५,३२० प्रतिकूल
ऑपरेशनल: (११२ − ११५) × ७६० = २,२८० प्रतिकूल

पहिला आकडा कालबाह्य स्टँडर्डचा, त्याला कोणीच काही करू शकलं नसतं. खरेदीवाल्याला जाब विचारायचा तो दुसऱ्याचा. डाळींसारख्या हंगामी मालात वर्षभर एकच दर धरून बसलं, तर दरवर्षी ठरावीक महिन्यांत तेच व्हेरियन्स येतात आणि लोक अहवाल वाचायचं सोडून देतात. फक्त एक धोका आहे: ‘बाजारच वाढला होता’ ही सबब फार सोयीची असते. ११२ हा आकडा बाजार समितीच्या त्या दिवसांच्या भावावरून आला आहे, खरेदीवाल्याच्या तोंडून नाही, एवढं पाहा.

वर्षअखेरीला हे व्हेरियन्स कुठे जातात?

इंड एएस २ प्रमाणे साठा स्टँडर्ड खर्चाने दाखवता येतो, पण तो प्रत्यक्ष खर्चाच्या जवळ असेल तरच, आणि स्टँडर्ड नियमित तपासून गरज पडेल तशी बदलावी लागतात. उत्पादन कमी झालं म्हणून न उचलली गेलेली स्थिर रक्कम साठ्याच्या किमतीत घालता येत नाही. ती त्याच काळात खर्ची पडते. आपल्या उदाहरणात पाकिटं उरली असती, तरी हे ७,२०० त्यांच्यावर चढवून पुढच्या वर्षात ढकलायला वाव नसता. वाया गेलेल्या मालाची आणि मजुरीची असाधारण रक्कमही साठ्यात जात नाही.

बेरीज जुळत नाही. चूक कुठे शोधू?

चूक कोणती, ते जुळत नाही तो आकडाच बहुतेक वेळा सांगतो. मटेरियलमध्ये फरक ३६,००० चा येत असेल तर तुम्ही १,८०० ऐवजी २,२५० किलो धरलेत (४५० × ८०). मजुरीत १,०८० जादा प्रतिकूल येत असेल तर एफिशियन्सीत २७० तास घेऊन आयडल टाइम दोनदा मोजलात. मिक्स आणि यील्डची बेरीज यूसेजशी जुळत नसेल तर यील्डमध्ये ८० ऐवजी एक किलो धान्याचा ७२ रुपयांचा दर लावला आहे का ते बघा. ८० हा एक किलो भाजणीचा आहे.

स्थिर ओव्हरहेडमध्ये एक चूक अशी आहे जी बेरजेत सापडतच नाही. कपॅसिटी आणि एफिशियन्सी दोन्हींत २५२ ऐवजी २७० तास घेतलेत, तर प्रत्येकी ३,६०० प्रतिकूल येतात आणि बेरीज ७,२०० च राहते. सगळं जुळतं, फक्त वीज गेल्याचा दोष निवडणाऱ्या बायकांच्या नावावर लागतो.